लाल तापलेला खिळा

लोखंडाच्या खिळ्यास चुंबक ओढतो, ही गोष्ट लहान मुलासही ठाऊक असते. परंतु तोच खिळा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल होईपर्यंत तापविला तर चुंबक त्यास मुळींच ओढीत नाहीं, ही गोष्ट पुष्कळ मोठ्या माणसांसही ठाऊक नसते. इंग्लंडांतील विल्यम गिल्बर्ट या वैद्यानें इ. स. १६०० सालीं चुंबकावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत तिची नोंद आहे. तेव्हां ही गोष्ट कांहीं नवी नव्हे. नवें आहे तें तिचें कारण; आणि तें कळावयास पुढें सव्वातीनशें वर्षें लागलीं.

आम्ही कित्येक वर्षें हा प्रयोग वर्गांत दाखवीत आलों व त्याचें कारणही मोठ्या विश्वासानें सांगत आलों. तें असें: "लोखंडाचा प्रत्येक अणु हा एक चिमुकला चुंबक आहे. हे चुंबक एकमेकांस ओढून एका दिशेनें रांगेंत उभे राहतात. उष्णतेनें ते थरथरूं लागतात आणि रांग मोडते." हें ऐकून मुलांचें समाधान होई आणि आमचेंही होई. एके दिवशीं मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "सर, इतक्या चिमुकल्या चुंबकांची रांग ७७० अंशांपर्यंत टिकते तरी कशी? आणि मग तांब्याच्या अणूंची रांग कां लागत नाहीं?" त्या वेळीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. सायंकाळीं घरीं बसून हिशेब केला, तेव्हां आमचें स्पष्टीकरण थोडेंथोडकें नव्हे, तर हजारपटीनें चुकलें असल्याचें दिसून आलें. त्या मुलाचें उत्तर आमच्यावर ऋण राहिलें होतें. तें येथें फेडीत आहों.

प्रथम प्रयोग सांगतों. बारीक तांब्याच्या तारेनें एक लहान, जस्ताचा मुलामा नसलेला खिळा टांगावा. जस्ताचा मुलामा असल्यास तापवितांना अपायकारक धूर निघतो. एका बाजूस चुंबक घट्ट बसवावा व तो असा, कीं खिळा त्याच्याकडे ओढला जाऊन तिरपा राहील, पण त्याला चिकटणार नाहीं. मध्यें दोन बोटांचें अंतर असूं द्यावें. मग वडील माणसाच्या देखरेखीखालीं खिळ्याच्या टोंकाशीं गॅसची ज्योत धरावी. खिळा काळा असेतोंपर्यंत कांहीं होत नाहीं. तो मंद लाल होतो, तरीही तिरपाच राहतो. नंतर तो चांगला लाल झाला, कीं एकाएकीं दोरी तोडल्याप्रमाणें सुटून सरळ खालीं लोंबूं लागतो. ज्योत काढून घेतली कीं कांहीं क्षणांतच तो पुन्हां चुंबकाकडे झेप घेतो.

हा प्रयोग तीन प्रकारें फसतो. खिळा जाड असल्यास लहान दिव्याची ज्योत पुरत नाहीं. तो लाल होत नाहीं व चुंबकही सोडीत नाहीं. अशा वेळीं खिळ्याऐवजीं लोखंडाची बारीक तार घ्यावी. दुसरें, ज्योत चुंबकाच्या फार जवळ गेली तर चुंबकच दुबळा होतो. मग खिळा सुटतो खरा, पण थंड झाल्यावर परत येत नाहीं, आणि यावरूनच चूक ओळखूं येते. तिसरें, ज्योतीच्या गरम हवेच्या झोतानेंही खिळा हलतो. म्हणून चुंबक दूर नेऊन एकदां नुसती ज्योत धरून पाहावी. खिळा नुसत्या झोतानें किती हलतो हें कळलें, म्हणजे चुंबकाचा भाग कोणता व हवेचा कोणता हें निराळें करतां येतें.

शुद्ध लोखंडास चुंबक ज्या उष्णमानास सोडतो तें ७७० अंश सेंटिग्रेड होय. पिएर क्यूरी या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८९५ सालीं निरनिराळ्या पदार्थांचें चुंबकत्व उष्णतेनें कसें बदलतें याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यावरून अशा उष्णमानास 'क्यूरी उष्णमान' हें नांव पडलें. त्याचें मर्म समजण्यासाठीं प्रथम चुंबकापुढें निरनिराळे पदार्थ कसे वागतात तें पाहिलें पाहिजे.

तांब्याचा तुकडा चुंबकाजवळ नेला तर कांहींच होत नाहीं, असें आपण म्हणतों. वस्तुतः तो अत्यंत अल्प प्रमाणांत दूर ढकलला जातो. तांब्यांतील इलेक्ट्रॉन जोडीजोडीनें असे बसलेले असतात, कीं एकाचें चुंबकत्व दुसऱ्यानें नाहींसें व्हावें. म्हणून त्याच्या अणूजवळ रांगेंत उभें करावयास स्वतःचा चुंबकच नाहीं. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लाविलें म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या भ्रमणांत किंचित् फरक पडतो व त्यांतून बाहेरील क्षेत्रास विरोध करणारें थोडें चुंबकत्व उत्पन्न होतें. तांब्यांत हा विरोध मूळ क्षेत्राच्या एक लक्ष भागांत सुमारें एक भाग असतो. बिस्मथ धातूंत तो एक लक्षांत सुमारें सतरा भाग असतो. अशा पदार्थांस प्रतिचुंबकीय म्हणतात. पाणी, लांकूड, आपलें शरीर हीं सर्व याच वर्गांतलीं. हा विरोध उष्णतेनें फारसा बदलत नाहीं, कारण येथें रांगही नाहीं व ती मोडावयाचीही नाहीं.

आतां तेंच तांबें मोरचुदाच्या रूपांत घ्या. मोरचुदांत तांब्याच्या प्रत्येक अणूनें इलेक्ट्रॉन गमाविलेले असतात व एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरलेला असतो. प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वभावतःच एक चिमुकला चुंबक आहे. त्याच्या या गुणास परिवलन म्हणतात. जोडीविना उरलेल्या इलेक्ट्रॉनाचें चुंबकत्व पुसून टाकणारा कोणी नसल्यामुळें मोरचुदाचा खडा चुंबकाकडे ओढला जातो. मात्र हें ओढणें बिस्मथाच्या ढकलण्याइतकेंच क्षीण, म्हणजे एक लक्षांत सुमारें सतरा भाग असतें. असें कां? कारण प्रत्येक चिमुकला चुंबक एकटा आहे. एका बाजूनें क्षेत्र त्यास वळवूं पाहतें व दुसऱ्या बाजूनें उष्णतेची धडपड त्यास हेलकावे देते. एक टेस्ला इतकें, म्हणजे शाळेंतील चुंबकापेक्षां पुष्कळ बळकट, क्षेत्र लाविलें तरी नेहमींच्या हवेंत हजार चुंबकांपैकीं सुमारें ५०१ क्षेत्राच्या दिशेनें व ४९९ उलट असतात. सारा फायदा हजारांत दोनांचा. अशा पदार्थांस समचुंबकीय म्हणतात. निरपेक्ष शून्यापासून मोजलेलें उष्णमान निम्मे केलें, तर हा फायदा दुप्पट होतो. क्यूरीनें १८९५ सालीं जो नियम मांडला तो हाच.

लोखंड मात्र या दोहोंहून अगदीं निराळें. तें लाविलेल्या क्षेत्राच्या लक्षांश भागानें नव्हे, तर शेंकडों, कधीं हजारों पटींनीं उत्तर देतें. लोखंडाच्या अणूंतही जोडीविना इलेक्ट्रॉन आहेत हें खरें. पण तसे ते मोरचुदांतही आहेत. तेव्हां फरक इलेक्ट्रॉनांत नसून त्यांच्या परस्परांतील संबंधांत असला पाहिजे. लोखंडाचे अणु एकटे नाहींत. ते एकमेकांस धरून आहेत. अशा पदार्थांस लोहचुंबकीय म्हणतात. प्रश्न एवढाच, कीं त्यांस धरणारा हात कोणता?

आमच्या जुन्या स्पष्टीकरणाप्रमाणें तो हात चुंबकीय ओढीचा. तर मग हिशेब करूं. लोखंडांत शेजारच्या दोन अणूंमधील अंतर एक मिलिमीटराच्या सुमारें चाळीस लक्षाव्या भागाइतकें आहे, आणि प्रत्येक अणूचें चुंबकत्व सुमारें दोन इलेक्ट्रॉनांच्या चुंबकत्वाएवढें आहे. एवढ्यावरून ते एकमेकांस किती बळानें वळवितात हें काढतां येतें. ही शक्ति उष्णतेच्या भाषेंत मांडली, तर ती निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम एक अंशाइतकी भरते. म्हणजे केवळ चुंबकीय ओढीवर लोखंडाची भिस्त असती, तर उणें २७२ अंशांच्या आसपासच त्याची रांग मोडली असती, आणि आपल्या स्वयंपाकघरांतील कोणताही खिळा चुंबकास चिकटला नसता. प्रत्यक्षांत ती रांग निरपेक्ष शून्याच्या वर १०४३ अंशांपर्यंत टिकते. हजारपटीची चूक म्हणतों ती ही.

ही अडचण प्रथम नीट उघडी झाली ती पिएर वाइस या शास्त्रज्ञामुळें. लोखंडांतील प्रत्येक अणूवर त्याच्या शेजाऱ्यांचें एक आंतील क्षेत्र काम करीत असतें, अशी कल्पना त्यानें १९०७ सालीं मांडली. त्या कल्पनेनें क्यूरी उष्णमानाचें वागणें उत्तम प्रकारें सुटलें, पण त्यासाठीं तें क्षेत्र सुमारें हजार टेस्ला धरावें लागलें. रुग्णालयांत शरीराच्या आंतील चित्रें घेण्याचे जे प्रचंड चुंबक असतात त्यांचें क्षेत्र बहुधा दीड ते तीन टेस्ला असतें. मग लोखंडाच्या साध्या खिळ्याच्या पोटांत हजार टेस्ला आलें कोठून? वाइसच्या काळीं याचें उत्तर कोणापाशींही नव्हतें.

तें उत्तर वेर्नर हायझेनबर्ग यानें १९२८ सालीं दिलें. तें क्षेत्र चुंबकीय नव्हेच. तो हात विजेचा आहे! दोन इलेक्ट्रॉन ऋण विद्युद्भाराचे असल्यामुळें एकमेकांस दूर लोटतात, आणि हें लोटणें त्यांच्या चुंबकीय ओढीहून अनेक हजार पटींनीं बलवत्तर असतें. आतां निसर्गाचा असा एक नियम आहे, कीं ज्यांचें परिवलन एकाच दिशेचें आहे असे दोन इलेक्ट्रॉन एका जागीं येऊं शकत नाहींत. परिवलन परस्परविरुद्ध असल्यास येऊं शकतात. या नियमास वोल्फगांग पाउली याचें नांव आहे. म्हणून परिवलन एका दिशेनें असलें, कीं दोघेही आपोआप एकमेकांपासून अंतर राखतात. अंतर राखल्यामुळें त्यांचें विजेचें भांडण कमी होतें. आणि भांडण कमी म्हणजे शक्तीचा खर्च कमी. एवंच, इलेक्ट्रॉन एका दिशेस तोंड करतात तें एकमेकांच्या चुंबकत्वाच्या प्रेमानें नव्हे, तर एकमेकांच्या विजेचा त्रास टाळण्यासाठीं! या संबंधास विनिमय परस्परक्रिया म्हणतात. कारण दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल केली तरी त्यांत भेद दाखवितां येत नाहीं, या गोष्टीवर तिचा सारा हिशेब उभा आहे.

येथें एक सावधगिरी घेतली पाहिजे. अंतर राखण्याचीही किंमत असते. तसें करतांना इलेक्ट्रॉनांस अधिक वेगानें फिरावें लागतें. पुष्कळ पदार्थांत ही किंमत फायद्याहून जास्त पडते व शेजारी इलेक्ट्रॉन उलटसुलट तोंडें करून जोडी जमवितात. हायड्रोजनच्या रेणूंत तसेंच होतें. लोखंड, कोबाल्ट, निकल अशा थोड्याच धातूंत जमाखर्च रांगेच्या बाजूनें उतरतो. शिवाय हा हात फार आंखूड आहे. तो शेजाऱ्यापर्यंतच नीट पोंचतो. मोरचुदांत तांब्याच्या अणूंमध्यें गंधक, प्राणवायु व पाणी यांची गर्दी असल्यामुळें तो जवळजवळ पोंचतच नाहीं. धातूंमध्यें इलेक्ट्रॉन एका अणूस बांधलेले नसून हिंडते असतात, त्यामुळें लोखंडाचा पुरा हिशेब आम्हीं वर दिला त्याहून बराच गुंतागुंतीचा आहे. पण हात विजेचा, ही मूळ गोष्ट त्यानें बदलत नाहीं.

आतां खिळा एकाएकीं कां सुटतो तें सहज कळेल. रांगेंतील प्रत्येक अणूस त्याचे शेजारी सरळ धरून ठेवतात. उष्णता वाढली कीं कांहीं अणु डळमळतात. जे डळमळले, ते आपल्या शेजाऱ्यांस पूर्वीइतका आधार देऊं शकत नाहींत. म्हणून शेजारीही अधिक डळमळतात, आणि त्यांच्या डळमळण्यानें पहिल्यांचा आधार आणखी कमी होतो. ७०० अंशांपर्यंत रांग विरळ होत जाते, पण टिकते; पुढें मात्र ती झपाट्यानें ढासळते आणि ७७० अंशांस संपते. एकट्यादुकट्याचें चुंबकत्व हळूहळू कमी होतें. एकमेकांच्या आधारावर उभें असलेलें एकदम कोसळतें. तें कोसळल्यावर लोखंड अगदीं चुंबकत्वहीन होतें असें मात्र नव्हे. प्रत्येक अणूचा चुंबक शाबूत असतो. फक्त तो एकटा पडतो. लाल खिळा हा मोरचुदासारखा समचुंबकीय होतो, आणि त्याची क्षीण ओढ आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं.

हें उष्णमान पदार्थापदार्थांत निराळें असतें. निकल ३५८ अंशांस सुटतें. निरनिराळीं धातुभस्में मिसळून हवें तें क्यूरी उष्णमान असलेला पदार्थही बनवितां येतो. भात शिजविण्याच्या साध्या विजेच्या भांड्याखालीं असाच एक तुकडा असतो. तो १०० अंशांच्या थोडा वर सुटेल असा केलेला असतो. भांड्यांत पाणी आहे तोंपर्यंत उष्णमान १०० अंशांवर चढत नाहीं. पाणी आटलें कीं तें चढतें, चुंबकाची पकड सुटते, खटका पडतो व वीज बंद होते. घरोघरीं ऐकूं येणारा तो 'खट्' आवाज क्यूरी उष्णमानाचा आहे.

एक शंका उरते. लोखंडांत साध्या हवेंतही रांग असते, तर प्रत्येक खिळा आपण होऊन चुंबक कां नसतो? याचेंही उत्तर वाइसनेंच दिलें. खिळ्याच्या आंत अनेक लहान प्रांत असतात. प्रत्येक प्रांतांत रांग पक्की असते, पण निरनिराळ्या प्रांतांचीं तोंडें निरनिराळ्या दिशांस असतात, व त्यांची बेरीज शून्य होते. बाहेरून चुंबक आणला कीं त्यास एकेक अणु वळवावा लागत नाहीं. अनुकूल प्रांतांच्या सीमा तेवढ्या पुढें सरकतात. रांग लावण्याचें अवघड काम विनिमयानें आधींच केलेलें असतें. म्हणूनच लोखंडाचें उत्तर एवढें मोठें. पोलादाच्या सुईंत सरकलेल्या सीमा अडकून राहतात, म्हणून चुंबकावर घांसलेली सुई चुंबक होते. ती सुई लाल तापवून चुंबकापासून दूर निववा: चुंबकास ती पुन्हां चिकटेल, पण टांचणी मात्र उचलूं शकणार नाहीं. रांग परत येते. पूर्वीची दिशा परत येत नाहीं. निवतांना जें क्षेत्र आसपास असेल, त्याचाच कांहीं ठसा ती घेते.

हा शेवटचा मुद्दा आपल्या पायांखालींच लिहिलेला आहे. सह्याद्रीचा काळा दगड सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी हजार अंशांहून अधिक तापलेल्या लाव्हारसाच्या रूपांत जमिनीवर पसरला. त्यांत मॅग्नेटाइट नांवाच्या चुंबकीय खनिजाचे कण असतात. शुद्ध मॅग्नेटाइटचें क्यूरी उष्णमान सुमारें ५८० अंश आहे, आणि त्यांत टायटॅनियम मिसळलेलें असल्यास तें आणखी कमी असतें. रस निवत त्याखालीं आला तेव्हां प्रत्येक कणांत रांग लागली, व त्या वेळीं पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची जी दिशा होती ती त्यांत कोरली गेली. पुढें दगड एवढा पुन्हां तापला नाहीं, म्हणून ती अक्षरें पुसलीं गेलीं नाहींत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून शास्त्रज्ञांनीं हे दगड मोजले, तेव्हां पुष्कळ थरांतील दिशा आजच्या होकायंत्राच्या उलट आढळली. त्या काळीं पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते. शिवाय त्या दिशेचा जमिनीशीं असणारा कल आजच्या आपल्या अक्षांशाशीं मुळींच जुळत नाहीं. तो सांगतो, कीं हा दगड निवाला तेव्हां आपली भूमि विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेस होती.

मागच्या बाकावरील त्या मुलास आतां आमचें उत्तर असें आहे: बाळ, ७७० अंशांपर्यंत रांग टिकते, कारण तिला धरणारा हात चुंबकाचा नसून विजेचा आहे; आणि तांब्याची रांग लागत नाहीं, कारण तेथें रांगेंत उभें राहावयास कोणी उरलेलेंच नाहीं. तुझा प्रश्न बरोबर होता. आमचें उत्तर चुकलें होतें.